चर्चासत्राची विषयमांडणी : पहिल्या वक्त्याआधीची आठ मिनिटं

कार्यक्रमपत्रिकेत समन्वयकाच्या नावापुढे ‘प्रास्ताविक’ असं छापलेलं असतं. स्वागतगीत आणि दीपप्रज्वलन झाल्यावर, सत्काराच्या आधी. त्या प्रास्ताविकात काय येतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. महाविद्यालयाची वाटचाल, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं पाठबळ, नॅकची श्रेणी, किती जिल्ह्यांतून किती शोधनिबंध आले आणि शेवटी ‘या विषयावर आज सखोल मंथन होईल’. हे बोलावंच लागतं आणि त्यात गैरही काही नाही. मात्र दिवसभर नेमक्या कोणत्या प्रश्नावर बोलायचं आहे, हे त्यातून कुणालाच कळत नाही. मग प्रत्येक वक्ता आपापला निबंध वाचतो, आपापलं प्रमाणपत्र घेतो आणि पाचची गाडी पकडतो.

हा लेख प्रास्ताविकाविषयी नाही. पहिलं सत्र सुरू होताना, पहिला वक्ता उभा राहण्याआधी समन्वयकाने सात-आठ मिनिटांत प्रश्न मांडायचा असतो, त्याविषयी आहे. आपण त्याला विषयमांडणी म्हणू.

आधी जागा मिळवा

विषयमांडणी उद्घाटनात घुसडू नका. तिथे तुमच्या मागे प्रमुख पाहुणे घड्याळ बघत बसलेले असतात, समोर पहिल्या दोन रांगांत संस्थेची मंडळी असतात, आणि तुमचा प्रश्न कितीही नेमका असला तरी तो शाल-श्रीफळाच्या गर्दीत हरवतो. कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्यापूर्वीच चहानंतरच्या पहिल्या सत्रात ‘विषयमांडणी – समन्वयक, १० मिनिटे’ अशी वेगळी ओळ घालून घ्या. प्राचार्य विचारतील, प्रास्ताविक आहे ना? तेव्हा सांगायचं, की प्रास्ताविक पाहुण्यांसाठी आहे आणि हे वक्त्यांसाठी. दहा मिनिटं मागायची आणि आठ वापरायची, कारण उद्घाटन लांबणार हे ठरलेलं असतं.

चहानंतर सभागृह थोडं रिकामं झालेलं असतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उरलेले लोक ऐकायला बसलेले असतात.

प्रश्न कसा शोधायचा

नुसत्या सूचना देऊन हे कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या बाजूच्या एखाद्या महाविद्यालयात इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांचं एकदिवसीय चर्चासत्र आहे. फलकावर विषय आहे ‘१९७२चा दुष्काळ आणि महाराष्ट्र’.

हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्याच्याखाली काहीही बसतं. कुणी पर्जन्यमानावर बोलेल, कुणी ग्रामीण कथेतल्या दुष्काळावर, कुणी रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांच्या कार्यावर. सगळं रास्त आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ‘१९७२च्या दुष्काळाचे महाराष्ट्रावर काय परिणाम झाले?’ असं लिहिलं की तो प्रश्न झाला असं वाटतं, पण तोही प्रश्न नाही. शेवटी प्रश्नचिन्ह लावलेला विषय आहे तो. त्यावर दोन वक्त्यांचं भांडण होऊच शकत नाही.

प्रश्न सापडतो तो दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या आणि त्या जुळेनात, तेव्हा. १९७२ बाबत अशी जोडी आहे. १९७०-७१ पासून सलग तीन वर्षं पाऊस दगा देत गेला आणि १९७२-७३ पर्यंत राज्याचं धान्य उत्पादन चांगल्या वर्षाच्या साधारण निम्म्यावर आलं. केंद्राकडून राज्याने जेवढं धान्य मागितलं तेवढं मिळालं नाही. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी, की जुन्या दुष्काळांत गावंच्या गावं मेली तसं त्या साली झालं नाही. उत्पादन निम्म्यावर, सरकारी धान्य अपुरं, आणि तरीही माणसं जगली. कशी?

आता हा प्रश्न आहे. तो एका दमात विचारता येतो. त्याची एकाहून अधिक उत्तरं देता येतात, आणि कोणतं उत्तर बरोबर हे ठरवायला पुरावा लागतो. नुसतं मत पुरत नाही.

प्रश्नाची परीक्षा कशी घ्यायची? मी दोन गोष्टी बघतो. पहिली, निमंत्रितांपैकी निदान दोघं त्याची वेगळी उत्तरं देतील का? देणार नसतील तर तो प्रश्न त्या दिवसासाठी निकामी आहे, भले मुळात उत्तम असो. दुसरी, ‘हो, हे फार महत्त्वाचं आहे’ असं उत्तर देऊन कुणाला सुटका करून घेता येते का? येत असेल तर प्रश्न पुन्हा लिहायला हवा.

सारांश वाचा, आणि फोन करा

प्रश्न ठरला की आलेल्या निबंधांचे सारांश घेऊन बसायचं. पुष्कळ समन्वयक सारांश फक्त स्मरणिकेसाठी जमवतात आणि ते छापखान्यातच पहिल्यांदा वाचले जातात. विषयमांडणीचं निम्मं काम खरं तर इथे होतं. प्रत्येक सारांशासमोर एकच वाक्य लिहायचं: आपल्या प्रश्नाला हा निबंध काय देतो?

आपल्या उदाहरणात उत्तराच्या तीन दिशा पडतात. पहिली मजुरीची. टंचाई निवारणाच्या कामांवर १९७३च्या मे महिन्यात, सर्वाधिक गर्दीच्या वेळी, जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांची मांडणी या दिशेची आहे. हातात मजुरी आली म्हणून लोकांना धान्य विकत घेता आलं, आणि खरेदीदार तयार झाल्यामुळे परराज्यांतलं धान्य, सरकारी निर्बंध असूनही, व्यापाऱ्यांच्या वाटेने राज्यात आलं. दुसरी दिशा सरकारने थेट पोचवलेल्या अन्नाची: रेशनवर मिळणारी मिलो नावाची लाल ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी. तिसरी दिशा दबावाची. मोर्चे, घेराव, कामं सुरू करा म्हणून तहसीलवर बसलेली माणसं. हे झालं नसतं तर पहिल्या दोन गोष्टी कागदावरच राहिल्या असत्या असं म्हणणारे.

एका तालुक्यातल्या पाझर तलावांच्या नोंदींवरचा निबंध पहिल्या दिशेला जातो. रेशन दुकानांवरचा दुसऱ्या. मोर्चांवरचा तिसऱ्या. इथवर सोपं आहे.

अडचण कुठे येते ती पुढे. समजा एक निबंध मुंबईतल्या महागाईविरोधी चळवळीवर आहे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, लाटणं मोर्चा. त्याच काळातला, वाचनीय, पण तो खडी फोडणाऱ्या माणसाचा नाही. त्याला ओढूनताणून ‘दबाव’ या दिशेत बसवण्याचा मोह होतो. तसं करू नका. वक्तीला फोन करा आणि विचारा: शहरातल्या रेशनसाठी आलेल्या दबावाचा ग्रामीण भागाला मिळणाऱ्या धान्यावर काही परिणाम झाला का, यावर तुमच्याकडे काही आहे का? असेल तर तो निबंध अचानक सत्राचा कणा होऊ शकतो, कारण शहर आणि खेडं एकाच अपुऱ्या साठ्यातून खात होते. नसेल तर विषयमांडणीत सरळ सांगायचं, की हा निबंध आपल्या प्रश्नाच्या शेजारचा आहे, त्याच काळाची दुसरी बाजू दाखवतो. वक्त्यांना हा खरेपणा चालतो. आपला निबंध भलत्याच खणात कोंबलेला मात्र चालत नाही.

फोन सगळ्यांनाच करावा, आठवडाभर आधी. दोन-तीन मिनिटांचं काम असतं. प्रश्न वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, ‘मॅडम, तुमचा निबंध मी या बाजूला ठेवतोय, बरोबर आहे ना?’ ज्येष्ठ वक्ते कधीकधी म्हणतात, ‘तुमचा प्रश्नच चुकलाय.’ तसं म्हणाले तर आनंद माना आणि त्यांना तेच व्यासपीठावर म्हणायला सांगा.

पार्श्वभूमी किती द्यायची

श्रोत्याला प्रश्न कळण्यापुरती. त्याहून एक वाक्य जास्त नको. विषयमांडणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. दुष्काळ म्हटलं की दुर्गादेवीच्या दुष्काळापासून सुरुवात होते, मग १८७६-७७, मग इंग्रजांची दुष्काळ संहिता, आणि १९७२ला पोचेपर्यंत आठ मिनिटं संपतात. ‘दुष्काळ म्हणजे काय’ या व्याख्येने सुरुवात करणं त्याहून वाईट. सभागृहात अशी माणसं बसलेली असतात ज्यांनी लहानपणी मिलोच्या भाकरी खाल्ल्या आहेत. त्यांना शब्दकोशातली व्याख्या ऐकवायची?

आपल्या उदाहरणात मी चार गोष्टी ठेवेन: तीन वर्षांची नापिकी, अपुरं सरकारी धान्य, ५० लाखांचा आकडा, आणि मोठ्या प्रमाणावर माणसं मेली नाहीत हे सर्वसाधारणपणे मान्य असलेलं निरीक्षण. पण या चौथ्या गोष्टीला लगेच एक पाचर मारायला हवी. मृत्यूंचं नेमकं काय झालं, हा प्रश्न बंद झालेला नाही. टिम डायसन आणि अरूप महारत्न या लोकसंख्या-अभ्यासकांनी या दुष्काळाचे जन्म-मृत्यूवर झालेले परिणाम तपासले होते. ‘भूकबळी पडले नाहीत’ आणि ‘कुणी जास्तीचं मेलं नाही’ ही दोन विधानं एक नव्हेत. आजारपणाने, वाईट पाण्याने, अशक्तपणाने गेलेलं मूल भूकबळी म्हणून नोंदलं जात नाही. तुमच्या सत्रात मृत्युनोंदींवर एखादा निबंध असेल, तर तो प्रश्नाचं उत्तर देणार नाही, तो प्रश्नाखालची जमीन तपासेल. हे समन्वयकाने आधीच सांगून ठेवलं की त्या निबंधाची जागा श्रोत्याला आपोआप कळते.

आणखी एक गफलत अशी, की ती पहिल्याच वक्त्याआधी दूर केली नाही तर दिवसभर छळते. ‘१९७२ साली रोजगार हमीने महाराष्ट्र वाचवला’ असं सरसकट बोललं जातं. रोहयोची कल्पना त्याआधीची आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर सांगली जिल्ह्यातल्या विसापूर इथे तिचा प्रयोग झाला होता. पण रोजगार हमीचा कायदा १९७७चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. १९७२-७३ साली लाखो माणसं ज्या कामांवर होती ती प्रामुख्याने टंचाई निवारणाची कामं. फरक तपशिलाचा वाटतो, पण आपल्या प्रश्नात तो निर्णायक आहे. टंचाईचं काम सरकार देतं, हमीचं काम माणूस हक्काने मागतो. त्या साली लोकांकडे कायद्याने दिलेला हक्क नव्हता. मग कामं निघाली ती कशाने, प्रशासनाच्या रीतीने की रस्त्यावरच्या रेट्याने? म्हणजे हा तपशील सांगता सांगता तिसऱ्या दिशेचं दार उघडतं. पार्श्वभूमीतलं प्रत्येक वाक्य असं प्रश्नाकडे वळत असेल तरच ते ठेवायचं.

मसुदा

आता प्रत्यक्ष लिहून बघू. हातात कागद धरून वाचलं तरी चालतं, पण ते बोलल्यासारखं लिहिलेलं हवं. सावकाश बोलणारा मराठी वक्ता मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो, त्या हिशेबाने आठ मिनिटांना आठशे ते हजार शब्द. मधला सगळा मजकूर इथे देत नाही, मोक्याचे भाग देतो. सुरुवात अशी:

*‘नमस्कार. सकाळपासून आपण या दुष्काळाविषयी बरंच ऐकलं. आता कामाला लागण्याआधी मला एकच कोडं तुमच्यापुढे ठेवायचंय. सलग तीन वर्षं पीक नाही. १९७२-७३ला धान्य निम्म्यावर आलेलं. रेशनवर पुरेसं नाही. एवढ्यावर हिशेब केला तर या जिल्ह्यांत हजारो माणसं उपाशी मरायला हवी होती. तशी ती मेली नाहीत. आज संध्याकाळपर्यंत आपल्याला एवढंच शोधायचंय: धान्य नव्हतं, तर माणसं जगली कशावर?’*

बघा, यात ‘महत्त्व’, ‘व्याप्ती’, ‘आढावा’ हे शब्द नाहीत. पहिल्या मिनिटाच्या आत प्रश्न आला आहे. तो शेवटी येईल म्हणून राखून ठेवायचा नसतो. ऐकणाऱ्याला पुढचं सगळं त्या प्रश्नाच्या उजेडात ऐकता यायला हवं.

मग तीन दिशा, प्रत्येकी तीन-चार वाक्यांत. आणि लगेच त्यांच्यातला झगडा:

*‘ही तिन्ही उत्तरं एकाच वेळी थोडीथोडी खरी आहेत, असं म्हणून आपल्याला सुटता येईल. ते मला नकोय. मजुरीने माणसं जगली असतील, तर जिथे कामं उशिरा निघाली तिथे हाल जास्त झालेले दिसायला हवेत. रेशनने जगली असतील, तर दुकानापासून लांबच्या वाड्यावस्त्यांवर हाल जास्त दिसायला हवेत. आणि दबावाने कामं निघाली असतील, तर जिथे संघटना होत्या तिथे ती लवकर निघालेली दिसायला हवीत. आजच्या प्रत्येक वक्त्याला माझी विनंती आहे, तुमच्या कागदांत यातलं काय दिसतं ते सांगा.’*

सगळ्या मजकुरात मला हा परिच्छेद सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक उत्तर खरं असेल तर काय दिसायला हवं, हे तो सांगतो. वक्त्याला त्यामुळे आपला पुरावा कुठे लावायचा ते समजतं. श्रोत्यालाही काय विचारायचं ते कळतं. असा परिच्छेद लिहिता येत नसेल तर समजावं, की तुमच्या तीन दिशा ही तीन उत्तरं नाहीत, एकाच उत्तराची तीन प्रकरणं आहेत. मग मागे जाऊन प्रश्न नव्याने घडवावा लागतो.

त्यानंतर वक्त्यांची ओळख. पदवी आणि पुस्तकं सूत्रसंचालक सांगेल, तुम्ही निबंध कुठे बसतो तेवढं सांगायचं. एकेक वाक्य, आणि त्यात निष्कर्ष नको. ‘पहिला निबंध एका तालुक्यातल्या कामांच्या हजेरीपटांवर आहे, मजुरीचं उत्तर तो आतून तपासतो’ एवढं पुरे. ‘मजुरीनेच लोक जगले हे ते सिद्ध करतात’ असं म्हटलंत तर वक्त्याचं भाषण तुम्ही संपवलंत.

मग हद्द. आज कशावर बोलणार नाही हे सांगायला लोक संकोचतात, उगाच. ‘हवामानबदल, अलीकडचे दुष्काळ, शेतकरी आत्महत्या हे सगळं याला लागून आहे हे आम्हाला माहीत आहे. आज आपण १९७० ते ७३ आणि त्यातही माणसं जगण्याचा प्रश्न, एवढ्यावर थांबतोय.’ हे सांगितलं नाही तर दुपारी पहिल्याच प्रश्नोत्तरात कुणीतरी ‘आजच्या परिस्थितीत यावर उपाय काय?’ असं विचारतं आणि चर्चा तिथून परत येत नाही.

एका गोष्टीची सोय मात्र इथेच करावी. या विषयावर ज्यांनी तो काळ पाहिला आहे अशी माणसं सभागृहात असणार, आणि ती बोलणार. त्यांना आठवणींसाठी वेगळा वेळ आहे असं जाहीर करा, तोही दुपारच्या सत्राच्या सुरुवातीला, शेवटी उरलेला नव्हे. शिवाय त्यांनाही तोच प्रश्न द्या: तुमच्या घरात त्या वर्षी धान्य आलं ते कुठून? कामाच्या पैशातून, रेशनमधून, उधारीवर, की मामाच्या गावाहून? एवढं नेमकं विचारलं की आठवण पुरावा होते. आणि उधारी किंवा नातेवाईक असं उत्तर वारंवार यायला लागलं, तर तुमच्या तीन दिशांत चौथी राहिली होती हे सगळ्यांसमोर उघड होतं. तसं झालं तर विषयमांडणी फसली असं मानू नका, तिने काम केलं.

उत्तर तुम्ही देऊ नका

समन्वयकाचं स्वतःचं मत असतंच, बहुधा त्यामुळेच त्याने हा विषय घेतलेला असतो. ते मत विषयमांडणीत विशेषणांमधून शिरतं. ‘शासनाने उभारलेल्या भव्य कामांमुळे’ म्हटलं की पहिल्या उत्तराला पारडं झुकतं, ‘बेपर्वा शासनाला जनतेने वाकवलं’ म्हटलं की तिसऱ्याला. व्यासपीठावर कुणी माजी मंत्री किंवा चळवळीतले ज्येष्ठ बसलेले असतील, तर हा झुकाव तुमच्या नकळत त्यांच्या बाजूने होतो. उपाय सोपा आहे. मसुद्यातली सगळी विशेषणं एकदा खोडून वाचा. ज्याच्यावाचून अर्थ बिघडतो तेवढंच परत घाला. मग वेगळी भूमिका असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला मसुदा वाचायला द्या आणि विचारा, मी कोणत्या बाजूचा वाटतो? त्याला सांगता आलं नाही म्हणजे झालं.

कवितेच्या ओळी, सुभाषितं, शेर यांना माझा विरोध आहे. हे माझं वैयक्तिक मत समजा. त्या आल्या की सभागृह दाद द्यायच्या पवित्र्यात जातं, विचार करायच्या नाही.

प्रत्यक्ष दिवशी

आठ मिनिटांचा मसुदा तयार झाला की त्याचाच तीन मिनिटांचा अवतार करून ठेवा, वेगळ्या कागदावर. उद्घाटन पाऊण तास लांबलं की सत्राध्यक्ष हळूच म्हणतात, ‘थोडक्यात घ्या’. तेव्हा उभ्या उभ्या कापायला गेलात तर पार्श्वभूमी राहते आणि प्रश्न जातो. तीन मिनिटांत तीनच गोष्टी ठेवायच्या: कोडं, तीन दिशा एकेका वाक्यात, आणि ‘काय दिसायला हवं’ हा परिच्छेद. वक्त्यांची ओळख, हद्द, इतिहास सगळं जाऊ द्या.

प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा, खडूने, मोठ्या अक्षरात. पडद्यावर दाखवाल तर पहिल्या वक्त्याचा पीपीटी लागला की तो गेला. फळ्यावरचा दिवसभर राहतो. तोच प्रश्न एका कार्डावर लिहून प्रत्येक सत्राध्यक्षाच्या हातात द्यावा. चर्चा भरकटली की त्यांना कार्ड उचलून दाखवता येतं, कुणाचा अपमान न करता.

बीजभाषण तुमच्या आधी झालं असेल आणि बीजभाषकांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊनच टाकलं असेल, तर गडबडू नका. त्यांचं उत्तर तुमच्या तीन दिशांपैकी एकीत ठेवा. ‘सरांनी पहिल्या उत्तराची अतिशय भक्कम बाजू मांडली. उरलेली दोन उत्तरं त्यापुढे टिकतात का, हे आता पाहू.’ सरही खूश होतात आणि प्रश्न उघडा राहतो.

विषयमांडणी लागू पडली की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. जेवणाच्या रांगेत कळतं. लोक एखाद्या वक्त्याच्या म्हणण्यावर वाद घालत असतील तर ती पोचली. ‘छान झालं हो सत्र’ एवढंच ऐकू येत असेल तर नाही. दुसरी खूण वक्त्यांमध्ये दिसते. दुपारचा वक्ता पुन्हा १९७०पासून पावसाचे आकडे सांगायला लागला, म्हणजे पार्श्वभूमी सगळ्यांची समान झालेली नाही. उलट एखादा वक्ता छापील निबंध बाजूला ठेवून म्हणाला, ‘सकाळी तीन उत्तरं मांडली होती, माझ्या नोंदी पहिल्याच्या विरोधात जातात’, तर त्याला दोन मिनिटं जादा द्यायला सत्राध्यक्षांना खुणावा.

बोलून झाल्यावर व्यासपीठावर बसू नका. खाली पहिल्या रांगेत बसा, वही उघडी ठेवून. पहिल्या वक्त्याचं वाचन संपल्यावर बहुतेक वेळा सभागृह गप्प असतं, कुणीच प्रश्न विचारत नाही आणि मग सत्राध्यक्ष ‘वेळेअभावी’ म्हणून पुढे सरकतात. त्या क्षणासाठी एक प्रश्न आधीच लिहून आणलेला हवा, मुद्द्याला धरून, पुराव्याचा. हजेरीपटांवर निबंध वाचणाऱ्या वक्त्याला मी हे विचारेन: ‘कामावर नाव लागल्यापासून हातात पैसे पडेपर्यंत किती दिवस गेले, याची नोंद तुमच्या कागदांत आहे का? आणि ते दिवस लांबले असतील, तर मधल्या काळात त्या घरात चूल कशावर पेटली?’